टाकी गळतेय? आम्हाला बोलवायच्या आधी हे वाचा आणि तीन रीडिंग घेऊन ठेवा

आम्ही सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या पाण्याच्या टाक्यांचं वॉटरप्रूफिंग करतो, जास्त करून जमिनीखालच्या आरसीसी टाक्या. आठवड्यातून दोन-तीन फोन तरी एकाच प्रकारचे येतात म्हणून हे लिहून काढलं, आता नवीन कस्टमरला आधी हेच पाठवतो. पाच-सात मिनिटं लागतील वाचायला, पण तुमचा एक टँकर नक्की वाचेल.

पहिला प्रश्न नेहमीचा. "तासाला दहा टक्के पाणी जातंय, म्हणजे दहा तासांत टाकी रिकामी ना?" नाही होत. दहा टक्के हे पहिल्या भरलेल्या टाकीचे नाहीत, त्या तासाच्या सुरुवातीला जेवढं पाणी उरलेलं असतं त्याचे आहेत. १००० लिटर असेल तर पहिल्या तासात १०० जातात, उरतात ९००. दुसऱ्या तासात ९०० चे दहा टक्के म्हणजे ९०, उरले ८१०. मग ८१, उरले ७२९. असं करत करत पुढे ६५६, ५९०, ५३१, ४७८, ४३०, ३८७ आणि दहा तासांनी ३४९ लिटर. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्तच पाणी शिल्लक. अर्धी टाकी व्हायला साडेसहा तास लागतात आणि १०० लिटरच्या खाली जायला २२ तास. हिशोब करताना वजाबाकी करत बसायची गरज नाही, दर तासाला ०.९ ने गुणायचं, जितके तास तितक्या वेळा.

असं का होतं? काँक्रीटच्या बारीक सांध्यातून पाणी झिरपतं तेव्हा त्याला ढकलणारं असतं वरच्या पाण्याचं प्रेशर, आणि प्रेशर ठरतं पाण्याच्या उंचीवर. उंची अर्धी झाली की प्रेशर अर्धं आणि झिरपणंही अर्धं. टाकीच्या भिंती सरळ असल्या आणि फट तळाशी असली की उंची आणि लिटर एकाच प्रमाणात कमी होतात, म्हणून टक्केवारी तीच राहते आणि लिटर मात्र दर तासाला कमी कमी होत जातात.

आता ज्यात आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती गोष्ट. लोक फोन करतात, आम्ही दिवस ठरवतो, माणसं आणि मशीन बुक करतो, आणि आदल्या दिवशी मेसेज येतो की आता गळती बरीच कमी झालीय, येऊ नका, बघू नंतर. गळती कमी झालेली नसते. पाणी कमी झालेलं असतं. ज्या फटीतून पहिल्या तासात १०० लिटर जात होते त्याच फटीतून दहाव्या तासात ३९ लिटर जातात, फट होती तेवढीच आहे. टाकी परत भरली की परत पहिल्या तासाला १०० लिटर. हे सांगितलं तर काही जणांना वाटतं आम्ही काम मिळवायला घाबरवतोय, म्हणून खालचं उदाहरण आकड्यांसकट देतोय, तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा.

एका छोट्या सोसायटीची टाकी, आतून अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, आणि पाणी दोन मीटर उंचीपर्यंत. म्हणजे १०,००० लिटर, आणि उंचीचा एक सेंटीमीटर म्हणजे ५० लिटर. सेक्रेटरींनी सांगितलं की टाकी भरली की झपाट्याने उतरते पण अर्ध्याच्या खाली आली की थांबते, म्हणजे भेग आपोआप बुजली असणार. दोन आठवडे त्यांनी काम पुढे ढकललं आणि त्या काळात रोज टाकी भरून रोज पाणी जमिनीत घालवलं. शेवटी आम्ही फक्त तीन रीडिंग मागितली, म्हणजे चार-चार तासांनी तळापासून पाण्याची उंची. रात्री ११ ला २०० सेंटीमीटर, पहाटे ३ ला १५८.५, सकाळी ७ ला १३१.५.

आता बघा, पहिल्या चार तासांत ४१.५ सेंटीमीटर उतरलं, पुढच्या चार तासांत २७. २७ भागिले ४१.५ म्हणजे ०.६५. म्हणजे प्रत्येक चार तासांची घट आधीच्या चार तासांच्या घटीच्या ०.६५ पट आहे. अशी कमी कमी होत जाणारी घट शेवटपर्यंत जोडत गेलात तर ती अमर्याद वाढत नाही, एका आकड्यापाशी येऊन टेकते, आणि तो आकडा काढायचा एकच भागाकार आहे: पहिली घट भागिले (१ वजा ०.६५). ४१.५ ला ०.३५ ने भागा, ११८.६ येतात. म्हणजे या टाकीतलं पाणी एकूण साधारण ११९ सेंटीमीटर उतरणार आणि २०० वजा ११९, म्हणजे ८१ सेंटीमीटरवर जवळपास थांबणार. फट बुजली म्हणून नाही, तर फटच ८१ च्या आसपास आहे म्हणून, तिच्या खालचं पाणी तिथून बाहेर जाणारच कसं!

टाकी उपसल्यावर बरोबर त्या पट्ट्यात, तळापासून ८० सेंटीमीटरवर, आडवी ओल दिसली. बांधताना भिंत एका दिवशी तिथपर्यंत भरलेली आणि पुढचं काँक्रीट नंतर ओतलेलं, मधला सांधा नीट बसलाच नव्हता. तेवढ्याच पट्ट्यात ड्रिल मारून नोझल बसवले आणि पीयू ग्राउटिंग केलं, म्हणजे पॉलीयुरेथेन दाबाने आत भरून सांधा बुजवला, पूर्ण टाकीला कोटिंग करायची वेळ आली नाही. दोन वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरनी त्यांना अख्ख्या टाकीचं कोटेशन दिलेलं होतं.

याच टाकीत अजून एक गोष्ट कळते, टक्के कशाचे धरायचे. पूर्ण उंचीवर धरलेत तर पहिल्या चार तासांत २१ टक्के गेले आणि पुढच्या चार तासांत १७, हिशोब जुळत नाही आणि माणूस म्हणतो बघा गळती कमी झाली. पण दर वेळी उंचीतून ८१ वजा करा. ११९, ७७.५, ५०.५. आता दोन्ही वेळा बरोबर ३५ टक्के, आणि चार तासांना ३५ टक्के म्हणजे तासाला साधारण दहा टक्के. फटीच्या वर जेवढं पाणी आहे त्याचेच टक्के धरायचे.

(चार तासांना ३५ टक्के म्हणून तासाला पावणेनऊ असा भागाकार करू नका, तीच वरची चूक उलट्या बाजूने होते. उरलेला भाग ०.६५ आहे, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की वर्गमुळाचं बटण येतं, चार तासांसाठी ते दोनदा दाबा, ०.९० च्या जवळ येतं. आठ तासांसाठी तीनदा. म्हणूनच आम्ही चार-चार तासांनीच रीडिंग मागतो. दुसरं कारण असं की दर तासाला मोजलं तर घट लहान असते आणि अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीनेही उत्तर भलतीकडे जातं.)

सगळ्याच गळत्या अशा वागत नाहीत हेही सांगायला हवं. गच्चीवरची टाकी दर तासाला अगदी सारखीच उतरत असेल, समजा प्रत्येक तासाला दोन सेंटीमीटर, भरलेली असताना पण दोन आणि अर्धी असताना पण दोन, तर टाकी बहुतेक ठीक आहे, पाणी खाली कुठल्यातरी फ्लॅटच्या फ्लशमधून नाहीतर नळातून जातंय. त्या नळावर चार मजल्यांचं प्रेशर असतं, टाकीतलं पाणी मीटरभर खाली-वर झाल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. अशा वेळी प्लंबर बोलवा, आमची व्हिजिट फुकट जाईल. उलट तळाचा वॉशआउट व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल, मोकळ्या भोकातून धार लागली असेल, तर पाणी चौथा हिस्सा उरलं तरी धार निम्मीच कमी होते, त्यामुळे टक्केवारी दर तासाला वाढत जाते आणि टाकी खरोखर रिकामी होते. आणि पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीच्या रीडिंगवर आम्ही कोटेशन देत नाही. बाहेर जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते आतल्या पाण्याला उलट ढकलतं, त्यामुळे पाणी बाहेरच्या पातळीशी येऊन थांबतं आणि गळती आहे त्यापेक्षा लहान दिसते. उन्हाळ्यात तीच टाकी वेगळे आकडे देईल.

आता लोक विचारतात की टाकी पूर्ण भरायला का लावता, पाणी विकत घेतोय आम्ही. कळतं, पण अर्ध्या टाकीवर टेस्ट केली तर वरच्या भागातला सांधा पाण्याला लागतच नाही, गळती दिसतच नाही, आणि मग काम झाल्यावर तक्रार येते की परत गळतेय. तसंच बरेच दिवस कोरडी असलेली टाकी भरल्या भरल्या रीडिंग घेऊ नका, कोरडं काँक्रीट आणि प्लास्टर सुरुवातीला स्वतःच पाणी पितं, ते गळतीत धरलं जातं. निदान दोन-तीन दिवस टाकी भरलेली ठेवा आणि मग मोजा.

मोजताना टाकीत अजिबात उतरू नका, झाकणातूनच स्टीलची टेप वजन लावून सोडा किंवा लांब पाइपवर खुणा करून घ्या, तीनही वेळा एकाच जागी. आधी वरच्या टाक्या भरून घ्या म्हणजे रात्रभर पंप लावावा लागणार नाही, पंपाचा स्विच काढून ठेवा, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. वॉचमनने मध्येच पंधरा मिनिटं पंप चालवला की सगळं रीडिंग वाया, हे आमच्याकडे इतक्या वेळा झालंय की आता आम्ही आधीच विचारतो.

रीडिंग पाठवलीत तर पहिली व्हिजिट आम्ही फ्री करतो, न घेता बोलवलंत तर चार्ज लागतो, कारण मग आमच्या माणसाला रात्रभर तिथे बसून तेच करावं लागतं. काम झाल्यावर हीच तीन रीडिंग आम्ही तुमच्यासमोर परत घेतो, पूर्ण भरलेल्या टाकीवर, आणि ती बघूनच शेवटचा हप्ता घेतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच पाठवा: टाकीची आतली लांबी-रुंदी, पाण्याची पूर्ण उंची, तीन वेळा आणि तीन उंच्या, आणि टाकी शेवटची कोरडी कधी होती ते. फोटो झाकणातून टॉर्च मारून काढलात तरी चालेल.