व्हेपचा ढग विरतो, मग शेजारच्याच्या नाकात काय जातं?

सिगारेट ॲशट्रेवर नुसती टेकवून ठेवली तरी जळतच राहते. ओढणारा गप्पांत रंगलेला असतो आणि टोकातून निळसर धूर वर जात असतो. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला येतो तो मुख्यतः हाच धूर. ओढणाऱ्याच्या नाकातोंडातून बाहेर पडलेला त्यात थोडाच असतो.

व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, तसं नाही. झुरका घेतला तरच आतली तार, म्हणजे कॉइल, तापते आणि निकोटीन असलेला द्रव वाफ होऊन उडतो. झुरका थांबला की कॉइलही थंड. जळत कधी काही नसतंच, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर हे धुराचे दोन मोठे घटक इथे जवळपास नसतात. शेजाऱ्याला मिळते ती फक्त वापरणाऱ्याची उष्टी हवा, आणि त्याच्या फुप्फुसांनी त्यातलं निकोटीन बहुतेक आधीच शोषून घेतलेलं असतं. मोजमापांत हे शोषण ९० टक्क्यांच्या वर भरलं आहे. उरलेल्या ढगात असतात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, पाण्याची वाफ, वासाची रसायनं आणि थोडंसं निकोटीन.

हा ढग दिसतो मात्र सिगारेटच्या धुरापेक्षा दाट, आणि काही सेकंदांत दिसेनासाही होतो. डोळ्यांवर विसंबलं की इथे दोन्हीकडून फसगत होते. दाट दिसतो म्हणून तो धुराइतका घातक ठरत नाही आणि नाहीसा झाला म्हणून हवा स्वच्छ होत नाही. तो द्रवाच्या बारीक थेंबांचा बनलेला असतो. श्वासातून बाहेर पडल्यावर थेंबांवरचं पाणी आणि ग्लायकॉल झपाट्याने उडतं, थेंब आक्रसतात आणि प्रकाश विखुरण्याइतके मोठे राहत नाहीत. त्यातले रेणू आता वायुरूपात खोलीतच असतात. त्यांतले काही भिंतींवर, पडद्यांवर, सोफ्याच्या कापडावर बसतात. सिगारेटच्या धुरातले डांबराचे कण असे उडून जात नाहीत. बंद खोलीत ते अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त वेळ तरंगत राहतात.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पोलिश संशोधकांच्या एका प्रयोगात बंद खोलीतली हवा मोजली गेली. व्हेप ओढल्यावर एका घनमीटर हवेत सरासरी सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम निकोटीन सापडलं, सिगारेटनंतर ३१.६. म्हणजे फरक साधारण दहापट.

पण हवेत किती आहे यापेक्षा अंगात किती गेलं हे महत्त्वाचं. ते कळतं कोटिनिनवरून. यकृत निकोटीनचं रूपांतर कोटिनिनमध्ये करतं. निकोटीन काही तासांत रक्तातून निघून जातं, कोटिनिन मात्र एक-दोन दिवस मागे राहतं, त्यामुळे ते मोजणं सोयीचं पडतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या ३ ते ११ वर्षांच्या मुलांचे आकडे तपासले आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. वय मुद्दाम लहान निवडलेलं, म्हणजे मूल स्वतःच ओढत असेल ही शंका फारशी उरत नाही.

घरात किंवा इतर बंदिस्त जागी सिगारेटच्या धुरात आलेल्या मुलांच्या रक्तात लिटरमागे सरासरी ०.४९४ मायक्रोग्रॅम कोटिनिन होतं. फक्त व्हेपच्या सान्निध्यात आलेल्यांत ०.०८१, आणि दोन्हींपासून दूर असलेल्यांत ०.०१६. पहिल्या दोन आकड्यांचा भागाकार केला तर व्हेपवाली मुलं सिगारेटवाल्यांच्या सहाव्या हिश्शावर येतात. मागच्या दोहोंचा केला तर तीच मुलं काहीच नसलेल्या मुलांच्या पाचपट होतात. व्हेप विकणारा पहिला भागाकार सांगतो, विरोधक दुसरा. आकडे तेच, आणि दोघंही खरं बोलत असतात.

कोटिनिन सांगतं ते फक्त निकोटीनबद्दल, हेही ध्यानात ठेवायला हवं. ज्वलनातून तयार होणारी कर्करोगकारक द्रव्यं त्यात मोजली जात नाहीत. व्हेपमध्ये ती फारच कमी असल्याने धुराशी तुलना करता धोक्यातला फरक सहापटीहून मोठा असण्याची शक्यता आहे. पण व्हेपचा धोका शून्य नाही. कॉइलमधले निकेल-क्रोमियमसारखे धातू सूक्ष्म प्रमाणात वाफेत उतरतात आणि कॉइल फार तापली तर ग्लायकॉल मोडून फॉर्मल्डिहाइड तयार होतं. शिवाय प्रमाण जागेवर ठरतं. हवेशीर हॉलमधला एक जण आणि काचा बंद केलेल्या गाडीतले दोघं, हा हिशेब एकच नाही.

हे अमेरिकी आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावायला माझा हात आखडतो. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आहे. तरीही चोरट्या मार्गाने माल येतो, आणि त्याच्या द्रवात काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही. युरोपीय संघात मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम निकोटीनची मर्यादा आहे, तर ‘५ टक्के’ असा छाप असलेल्या, वापरून फेकून द्यायच्या व्हेपमध्ये ते सुमारे ५० मिलिग्रॅम असतं. तेही छापलेला आकडा खरा धरला तर.