रेकॉर्डिंग अडकतंय: एनकोडिंग लॅग की रेंडरिंग लॅग?

गेम स्वतःच्या मॉनिटरवर छान चालतो, पण रेकॉर्डिंग पाहायला घेतलं की चित्र अडकत अडकत पुढे सरकतं. बेळगावात असो की निपाणीत, पीसी असेंबल करून देणारा बहुतेक वेळा एकच उपाय सांगतो: प्रोसेसर मोठा घ्या. पण असं अडकण्यामागे दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांवर लागणारे पार्टही वेगळे असतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र दोन्ही सारखीच दिसतात.

रेकॉर्डिंग करणाऱ्या ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये Stats ही खिडकी उघडा. तिथे `Frames missed due to rendering lag` आणि `Skipped frames due to encoding lag` अशा दोन ओळी आहेत. दहा मिनिटं गेम खेळा आणि कुठला आकडा वाढतोय ते बघा. पार्ट विकत घ्यायचा तो त्यानंतर.

दोन्हींतला फरक कामाच्या क्रमात आहे. ओबीएस आधी गेमचं चित्र, फेसकॅम आणि वरची अक्षरं एकत्र करून एक फ्रेम तयार करतं. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं, आणि ते वेळेत झालं नाही तर रेंडरिंग लॅग. मग ती तयार फ्रेम दाबून व्हिडिओच्या आकारात बसवायची असते. त्यात उशीर झाला तर एनकोडिंग लॅग. ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात.

एक उदाहरण घेऊ. समजा पीसीत i3-12100F, आरएक्स ६५०० एक्सटी आणि ८ जीबीची एकच रॅम स्टिक आहे. व्हॅलोरंट सुरळीत चालतो, पण १०८०p ६० ला रेकॉर्डिंग लावलं की `encoding lag`चा आकडा चढत जातो आणि ओबीएसच्या खालच्या पट्टीत `Encoding overloaded!` असं येतं. याचं मूळ खरेदीत आहे. आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एनकोड करणारा भागच दिलेला नाही, आणि प्रोसेसरच्या नावात एफ असल्यामुळे त्यात आतला ग्राफिक्स नाही, म्हणजे त्यातच येणारा इंटेलचा एनकोडर, क्विक सिंक, तोही नाही. राहतं फक्त x264 हे एनकोड करणारं सॉफ्टवेअर. ते सगळा भार प्रोसेसरवर टाकतं, आणि त्याच चार कोअरवर गेमही चालू असतो.

इथे ग्राफिक्स सेटिंग कमी करून काही होत नाही. तात्पुरता मार्ग म्हणजे रेकॉर्डिंग ७२०p वर आणणं. त्यात पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. कायमचा मार्ग म्हणजे एनव्हीएन्क हा एनव्हिडियाचा एनकोडर असलेलं कार्ड, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०५०. पीसी अजून घ्यायचाच असेल तर एफ नसलेला i3-12100 घेतला तरी क्विक सिंक मिळतं. फक्त मदरबोर्डच्या बायोसमध्ये आतला ग्राफिक्स चालू ठेवावा लागतो. एनव्हिडियाचं नाव बघून जीटी १०३० मात्र घेऊ नका, त्यात एनव्हीएन्क नाही.

आता कार्ड बदललं, व्हॅलोरंटचं रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. मग एखादा भारी ओपन वर्ल्ड गेम लावला आणि पुन्हा अडकायला लागलं! या वेळी `rendering lag` वाढतोय. एनव्हीएन्कचा भाग कार्डात वेगळा असतो हे खरं, पण फ्रेम जुळवायचं काम कार्डाच्या नेहमीच्याच कोअरवर होतं, आणि गेमने ते ९९ टक्के व्यापलेत. गेमला फ्रेमची मर्यादा नसेल तर कार्ड कितीही ताकदीचं असो, तो ते भरून टाकतो. म्हणून गेम मॉनिटरवर सुरळीत दिसतो आणि ओबीएस उपाशी राहतं.

उपाय फुकटचा आहे. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेममध्ये ६० फ्रेमची मर्यादा लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये कार्डचा वापर ९० टक्क्यांच्या आत येतो का ते बघा. नसेल येत तर आधी शॅडो कमी करा. विंडोजवर ओबीएस `Run as administrator` करून उघडलं तर त्याला कार्डावर प्राधान्य मिळतं. एवढं करूनही आकडा वाढतच असेल तरच मोठं कार्ड घ्यावं. प्रोसेसर बदलून या लॅगला काही फरक पडणार नाही.

रॅमची दुसरी ८ जीबीची स्टिक मात्र दोन्हीकडे उपयोगी आहे, कारण गेम, ओबीएस आणि ब्राउझर एकत्र ८ जीबीत मावत नाहीत. डिस्कवर एवढा पैसा घालायची गरज नाही: ६००० केबीपीएसचं रेकॉर्डिंग तासाला सुमारे २.७ जीबी होतं, साध्या हार्ड डिस्कलाही ते जमतं. गेम त्याच डिस्कवर नको, एवढंच. करंट जायची भीती असेल तर रेकॉर्डिंग साध्या एमपी४ ऐवजी एमकेव्हीमध्ये ठेवा. मध्येच पीसी बंद पडला तरी तोवरचा भाग उघडतो.

Stats मधले हे दोन्ही आकडे शून्यावर असूनही लाइव्ह स्ट्रीम तुटत असेल तर `Dropped Frames (Network)` बघा. तो अपलोडचा प्रश्न आहे, आणि खानापूरकडच्या खेड्यात मोबाइल डेटावर स्ट्रीम करणाऱ्याने बिटरेट ३००० वर आणून आधी तेच तपासावं.