मराठी अक्षरांचे टीशर्ट आलेत! साइज, कापड, प्रिंट आणि डिलिव्हरीचं सगळं इथं वाचा

तर मंडळी, आपले मराठी टायपोग्राफीचे टीशर्ट आजपासून ऑर्डरला खुले. पहिल्या लॉटमध्ये सहा डिझाइन आहेत, त्यातली "का बे, कुठं?", "कडक भाकरी गँग", "गड्ड्याला भेटू" आणि "ऊन आमचं, सावली आमची" ही चार सोलापूरकरांना सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्यांनी विचारलं तर तेवढाच गप्पांना विषय. उरलेली दोन नुसती अक्षरं आहेत, एकावर मोठा "ळ" आणि एकावर "ण", कुणाला कळो न कळो आम्हाला आवडली म्हणून घेतली.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आमच्याकडं तयार छापलेल्या टीशर्टचा ढीग नसतो, तुमची ऑर्डर आली की तुमच्या साइजच्या कोऱ्या टीशर्टवर प्रिंट मारतो. त्यामुळं एक पीस पण देतो, पण "आत्ता येतो, लगेच द्या" हे जमत नाही. आणि साइज तुम्ही नीट बघून सांगायची, कारण छापलेला पीस दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

कापडाबद्दल सगळेच विचारतात की चादरीच्या गावात राहून टीशर्ट तिरुपूरवरून का मागवता. कारण साधं आहे, आपल्याकडच्या मागावर उभा-आडवा धागा घालून कापड विणतात, चादर, टॉवेल त्याचेच. टीशर्टचं कापड वेगळ्या मशीनवर, एकाच धाग्याच्या फासात फास अडकवत गोल विणतात, म्हणून ते ओढलं की ताणतं आणि सोडलं की परत येतं. होजिअरीचं ते काम तिरुपूरला मोठ्या प्रमाणात चालतं, म्हणून कोरा माल तिकडून येतो, डिझाइन, प्रिंट आणि पॅकिंग इथं सोलापुरात.

कापड ग्रे सोडून 100 टक्के कॉटन, 180 जीएसएम, बायोवॉश केलेलं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. 140-150 चं कापड हलकं असतं पण पांढऱ्या रंगात आतलं बनियन दिसतं, 220-240 चं ओव्हरसाइजला भारी दिसतं पण मे महिन्यात आपल्या गावात ते घालून दाखवा. म्हणून 180 मधला मार्ग. बायोवॉशमध्ये एन्झाइमनं कापडावरचे मोकळे तंतू काढून टाकतात, त्यामुळं कापड हाताला मऊ लागतं आणि चार धुण्यांत बारीक गोळे धरत नाहीत. रंग काळा, पांढरा, मरून, नेव्ही आणि ग्रे. ग्रे मेलांज हा पूर्ण कॉटन नसतो, ती मिठा-मिरीसारखी छटा यायला त्यात दुसरा धागा मिसळलेला असतो, ज्यांना फक्त कॉटनच चालतं त्यांनी ग्रे घेऊ नका.

आता प्रिंट, इथं जरा थांबून वाचा, मराठी अक्षर टीशर्टवर मारताना खरी गंमत इथंच आहे. आम्ही डीटीएफ करतो. म्हणजे डिझाइन आधी एका प्लास्टिकच्या फिल्मवर उलटं छापतात, रंगावर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर गोंदाची पावडर, ती तापवून वितळवली की फिल्म तयार. मग टीशर्टवर ठेवून साधारण 150-160 डिग्रीला 10-15 सेकंद हीटप्रेस, फिल्म सोलायची आणि वर कागद ठेवून परत एकदा दाबायचं. ही दुसरी दाब महत्त्वाची. ती दिली की प्रिंटवर कापडाची वीण हलकीशी उमटते आणि चमक कमी होते. प्रिंट आरशासारखी गुळगुळीत दिसली आणि नखानं कड उचलली तर समजायचं दाब नीट बसलेली नाही, कुठूनही घेतलेल्या डीटीएफ टीशर्टला हे चेक करता येतं.

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, आपल्याला डोक्यावर शिरोरेषा आहे. छातीवर 12-13 इंच रुंद एकच सलग रेघ आली तर काय होतं, की कापड आडवं ताणतं आणि प्रिंट तेवढी ताणत नाही. टीशर्ट डोक्यातून काढताना आपण ओढतो तिथंच, आणि काही धुण्यांनंतर रेघेवर उभ्या बारीक भेगा दिसायला लागतात. म्हणून आमच्या डिझाइनमध्ये ओळ 11 इंचांच्या पुढं नेत नाही आणि दोन शब्दांमधली रेघ कधीच जोडत नाही, "कडक" "भाकरी" "गँग" तीन ओळींत एकाखाली एक आहे ते नुसतं स्टाइल म्हणून नाही.

दुसरी अडचण अनुस्वाराची. बाकी सगळा शब्द रेघेनं एकमेकाला धरून असतो, टिंब बिचारं वर एकटं, आणि जागा एवढीशी म्हणून त्याला गोंदही कमी मिळतो. आधी निघतं ते टिंबच! बारीक फॉन्टमध्ये ते टिंब एक मिलिमीटरचं पण नसतं, म्हणून आम्ही टिंब वेगळं मोठं करतो, निदान अडीच-तीन मिलिमीटर, आणि एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ कुठंच ठेवत नाही. कुणी नाजूक कॅलिग्राफीचा फोटो पाठवून "सेम असंच छोटं करून खिशाजवळ मारा" म्हणतं तेव्हा आम्ही नाही म्हणतो ते यासाठी. मोठं करून पाठीवर मारून देऊ.

आणखी एक, पूर्ण चौकोन भरलेली डीटीएफ प्रिंट उन्हाळ्यात छातीला चिकटते, त्यातून हवा जात नाही. नुसत्या अक्षरांमध्ये मधे मधे कापड मोकळं राहतं, आपल्या हवेला टायपोग्राफी बरी पडते ती म्हणून. अक्षरांमागं रंगाचा भरलेला चौकोन छापून द्या असं म्हणालात तर देऊ, पण आम्ही सांगितलं नव्हतं असं म्हणू नका.

स्वतःचा मजकूर हवा असेल तर तो मेसेजमध्ये टाइप करून पाठवा, स्क्रीनशॉट नको आणि जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल तर नकोच, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की भलतीच चिन्हं दिसतात. मराठीची सेटिंग नसलेल्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पण घोळ होतो, "पि" ची वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते आणि "पोऱ्या" मधला अर्धा र पाय मोडून वेगळा पडतो. बाहेर असे छापलेले बोर्ड तुम्ही पाहिले असतीलच. आम्ही छापायच्या आधी प्रूफचा फोटो पाठवतो, त्यात वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं बघायची आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा वाचून घ्यायची, कारण ज्यानं लिहिलंय त्याला चूक दिसत नाही. तुमचा "ओके" आला की मगच फिल्म निघते, त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ बदलत नाही.

साइज. खालचे आकडे टीशर्टचे आहेत, तुमच्या अंगाचे नाहीत, हे डोक्यात ठेवा.

एस: छाती 38, लांबी 26
एम: छाती 40, लांबी 27
एल: छाती 42, लांबी 28
एक्सएल: छाती 44, लांबी 29
डबल एक्सएल: छाती 46, लांबी 30

सगळं इंचात, अर्धा इंच इकडं-तिकडं होतं. अंगाला टेप लावत बसू नका, घरातला जो टीशर्ट तुम्हाला नीट बसतो तो पलंगावर सपाट पसरा, एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. समजा साडेवीस इंच आलं, तर झाले 41, म्हणजे एम आणि एलच्या मधे. अशावेळी एल घ्या. कारण कॉटन पहिल्या एक-दोन धुण्यांत 3-4 टक्के आटतं आणि ते जास्त करून लांबीत आटतं, 28 चा 27 होतो. एम घेतलात तर 27 चा 26 होणार आणि गाडीवर बसलं की मागून वर चढणार. अंगाचंच माप घेतलं असेल तर त्यात चार इंच मिळवा, 38 ची छाती असेल तर 42, म्हणजे एल. लेडीजना पण हेच कटिंग, खांदा थोडा उतरतो, फिट आवडत असेल तर एक साइज कमी.

डिलिव्हरी. दुपारी बारापर्यंत ऑर्डर आणि पेमेंट आलं की तो दिवस धरून दोन कामाचे दिवस छपाईला. लोक म्हणतात प्रिंट तर पंधरा सेकंदात होते मग दोन दिवस कशाला, तर फिल्मचा रोल 60 सेंटिमीटर रुंद असतो, एकाच डिझाइनसाठी तो चालवला तर निम्मी फिल्म वाया, म्हणून दिवसभराच्या ऑर्डर एका शीटवर बसवून संध्याकाळी छापतो आणि दुसऱ्या दिवशी टीशर्टवर दाबतो. पुढं सोलापूर शहरात, म्हणजे जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड सगळीकडं, एका दिवसात घरपोच. पुणे-मुंबई कुरिअरनं 2-3 दिवस, बाकी महाराष्ट्र 3-5 दिवस, आणि जिथं कुरिअर गावात येत नाही तिथं पोस्टानं पाठवतो, त्याला एखाददुसरा दिवस जास्त.

उदाहरण सांगतो. बार्शीवरून सोमवारी सकाळी दहाला काळा एल मागवला, मंगळवारी संध्याकाळी छापून पॅक, बुधवारी कुरिअर उचलणार, शुक्रवार-शनिवारी हातात. हाच पीस सोमवारी दुपारी दोनला मागवला तर सगळं एक दिवस पुढं, आणि मधे रविवार आला तर तो मोजू नका. काळा आणि पांढरा सगळ्या साइजमध्ये इथं असतो, मरून-नेव्हीमध्ये डबल एक्सएल संपला असेल तर तिरुपूरवरून यायला आठवडाभर धरा, ते पैसे घ्यायच्या आधीच सांगू. गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहिजे असेल तर संक्रांतीच्या निदान दहा दिवस आधी सांगा, आणि आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरकडच्या गाड्या रखडतात, तिकडच्यांनी आधीच मागवा.

धुताना: पहिले 24 तास धुवू नका, नंतर उलटा करून साध्या पाण्यात, प्रिंटवर ब्रश नाही, दगडावर आपटणं नाही, वाळत सावलीत. इस्त्री उलट्या बाजूनं, प्रिंटवर डायरेक्ट फिरवली तर ती इस्त्रीला चिकटते आणि मग दोन्ही गेलं.

बदलून कधी देतो? प्रिंट सुटली, कापडाला भोक निघालं, आम्ही चुकीची साइज किंवा डिझाइन पाठवलं, तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, दुसरा पीस आमच्या खर्चानं. साइज तुमच्याकडून चुकली असेल तर बदल नाही, म्हणून वर एवढं लांबण लावलं. नाव छापलेले पीस परत घेत नाही.

एक पीस 499, ग्रुपसाठी दहाच्या वर 429, पाठीवर पण प्रिंट हवी तर शंभर जास्त. कुरिअर वेगळं, शहरात फ्री. ऑर्डर करताना डिझाइनचं नाव, रंग, साइज, पूर्ण पत्ता पिनकोडसकट आणि चालू असलेला नंबर एकाच मेसेजमध्ये टाका, पाच मेसेजमध्ये तुकडे तुकडे आले की शोधण्यातच संध्याकाळची शीट निघून जाते.