महिन्याला शंभर किलोमीटर म्हणजे आठवड्याला किती तास?

परभणी असो की बीड, पहाटे कुठल्याही मैदानावर गेलात की भरतीची पोरं सोळाशे मीटरची तयारी करताना दिसतात. त्यातलाच एखादा गडी सोळाशे मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत मारत असेल, तर त्याचा वेग झाला किलोमीटरला ३ मिनिटं २० सेकंद. याच आकड्याने शंभर किलोमीटरला गुणलं तर महिन्याला साडेपाच तासच लागायला हवेत. पण त्या वेगाने तो फार तर दोन किलोमीटर टिकेल, आणि महिनाभराचं पळणं व्हायचं असतं आरामाच्या वेगाने. दोन्ही वेगांत किलोमीटरमागे दोन-दोन मिनिटांचाही फरक पडू शकतो. म्हणून तासांचा अंदाज बांधताना पहिला प्रश्न येतो तो स्वतःचा आरामाचा वेग नेमका किती, हा.

त्याची साधी खूण बोलण्यात आहे. सोबत पळणाऱ्याला एक अख्खं वाक्य मध्येच श्वास न तोडता सांगता आलं, तर वेग आरामाचा. यामागे शरीराचं रसायन आहे. वेग वाढला की स्नायूंत आम्ल जास्त तयार होतं. रक्तातलं बायकार्बोनेट ते निवळतं, पण त्या क्रियेत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो बाहेर टाकायला श्वासाची लय वाढवावी लागते. बोलायला मात्र श्वास लांबवून धरावा लागतो. दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत, मग वाक्याचे तुकडे पडतात. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते, कारण मनगटावर नाडी मोजणारी यंत्रं पळताना चुकू शकतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, परभणीतल्या एक शिक्षिका महिन्याला ८० किलोमीटरच्या आसपास पळतात आणि पुढच्या ३० दिवसांच्या महिन्यात त्यांना १०० गाठायचे आहेत. त्यांच्या वहीत गेल्या आठवड्याच्या तीन नोंदी आहेत: ३ किलोमीटर २० मिनिटांत, ५ किलोमीटर ३८ मिनिटांत आणि रविवारचे १० किलोमीटर ८२ मिनिटांत. प्रत्येक वेळचा वेग काढून तिघांची सरासरी घेतली तर येते ७ मिनिटं २९ सेकंद. ही सरासरी फसवी आहे. शाळा गाठायच्या घाईत पळालेले तीन किलोमीटर आणि रविवारचे दहा, दोघांना तिच्यात सारखंच वजन मिळतं. खरा वेळ तर दहा किलोमीटर खातात. त्याऐवजी सगळी मिनिटं एकत्र करायची, सगळे किलोमीटर एकत्र करायचे आणि भागायचं. १४० भागिले १८, म्हणजे ७.७८ मिनिटं, अर्थात ७ मिनिटं ४७ सेकंद. फरक अठरा सेकंदांचाच दिसतो, पण शंभर किलोमीटरवर तो अर्धा तास होतो.

इथेच कॅल्क्युलेटरवर हमखास घोटाळा होतो. ७ मिनिटं ४७ सेकंद म्हणजे ७.४७ नव्हे. सेकंदांना ६० ने भागून घ्यायचं, तेव्हा ७.७८ येतं. आणखी एक पाहायचं: रस्ता ओलांडताना किंवा कुत्री अंगावर आली म्हणून थांबलो की बरीच अ‍ॅप्स वेळ मोजणं थांबवतात. स्क्रीनवर वेग छान दिसतो, घरी पोचायला मात्र उशीर होतो. आपल्याला तासांचा हिशेब करायचा आहे, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ धरावा.

पुढचा गुणाकार सोपा. १०० किलोमीटर गुणिले ७.७८ म्हणजे महिन्याला ७७८ मिनिटं, जवळजवळ १३ तास. याला सरळ चाराने भागायचा मोह होतो आणि उत्तर येतं आठवड्याला ३ तास १४ मिनिटं. पण चार आठवडे म्हणजे २८ दिवस. ते गणित साध्या फेब्रुवारीतच बसतं. ३० दिवसांच्या महिन्यात ७७८ ला ३० ने भागून ७ ने गुणायचं. उत्तर येतं १८१ मिनिटं, म्हणजे आठवड्याला तीन तास.

पण हे तीन तास एकही खाडा न होता पळणाऱ्याचे. आठवड्यातून चार दिवस म्हटलं तर महिन्यात सतरा वेळा बाहेर पडायचं. घरचं लग्न, शाळेची परीक्षा, एखादा ताप यांत दोन वेळा बुडाल्या तर उरतात पंधरा. तेव्हा १८१ ला १५ ने भागून १७ ने गुणायचं: सुमारे २०५ मिनिटं. प्रत्येक वेळी ५१ मिनिटं पळणं झालं. त्यात बूट घालणं, विद्यापीठाच्या रस्त्यापर्यंत जाणं, सुरुवातीची आणि शेवटची चाल हे सगळं मिळून २५ मिनिटं धरली, तर एका पहाटेची ७६ मिनिटं जातात. चार पहाटेंचे मिळून पाच तास होतात. कागदावर तीन दिसणारे तास घरच्या घड्याळात पाच निघतात, आणि योजना मोडते ती बहुतेक या दोन तासांपायी.

मे महिन्यात हाच हिशेब पुन्हा करावा लागतो. मराठवाड्यात दुपारी पारा चाळिशीपार असतो आणि पहाटही उबदारच उजाडते. अंग थंड ठेवायला रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घामातून पाणी गेल्याने रक्तातला द्रव घटतो, आणि त्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणजे बोलण्याची खूण पाळायची तर वेग आपोआप उतरतो. पावसाळ्यात पारा खाली येतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि अंग थंड होत नाही. किती फरक पडेल हे माणसागणिक वेगळं. कुठल्या तक्त्यातून उचलण्यापेक्षा त्याच आठवड्याच्या आपल्या नोंदी पुन्हा बेरजेने भागाव्यात. आपल्या शिक्षिकेचा वेग मेमध्ये साडेआठ मिनिटांवर आला, तर ८५० मिनिटं लागतील. महिना ३१ दिवसांचा, म्हणून आठवड्याला १९२ मिनिटं. खाड्यांची भर त्यावर वेगळी.

आणि वेळच नसेल तर? समजा त्यांना आठवड्याला पळण्यापुरते अडीच तासच मिळतात. ३० दिवसांत ते होतात ६४३ मिनिटं. एवढ्यात शंभर बसवायचे तर किलोमीटरला ६ मिनिटं २६ सेकंदांनी पळावं लागेल, म्हणजे आरामाच्या वेगाहून सव्वा मिनिटाने जलद. असं ओढून बसवलं की पहिल्याच आठवड्यात वाक्यं तुटायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात. म्हणून गणित उलटं करावं: ६४३ भागिले ७.७८, उत्तर ८२. अडीच तासांत त्यांच्या वेगाने तेवढेच किलोमीटर होतात, त्यातूनही खाडे वजा करायचे.