चहातून कॅफीन काढताना मधला थर का अडून बसतो?

10 ग्रॅम चहापत्ती, 100 मिली पाणी आणि 5 ग्रॅम सोडियम कार्बोनेट. हे मिश्रण पंधराएक मिनिटं उकळायचं, गाळायचं, पूर्ण थंड करायचं आणि सेपरेटरी फनेलमध्ये 20 मिली डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं. कॅफीन पाण्यातून डायक्लोरोमिथेनमध्ये जातं आणि दोन द्रव वेगळे होतात, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात खाली थोडा स्वच्छ थर, वर तपकिरी पाणी आणि मध्ये मळकट, फेसाळ गठ्ठा दिसतो. अर्धा तास झाला तरी तो हलत नाही. हेच इमल्शन.

याचं मूळ त्या कार्बोनेटमध्येच आहे. चहातली टॅनिनं कॅफीनबरोबर निघून येऊ नयेत म्हणून कार्बोनेट घालतात. त्यामुळे टॅनिनांचे क्षार बनतात आणि ते पाण्यातच राहतात. मात्र हे क्षार थोडेफार साबणासारखं वागतात. जोरात हलवल्यावर डायक्लोरोमिथेनचे बारीक थेंब होतात, या क्षारांचं आवरण त्यांच्यावर चढतं आणि मग ते एकमेकांत मिसळत नाहीत.

म्हणून हलवायचं ते हळूच. फनेल आडवं धरून गोल घोळवायचं, मधूनमधून तोटी उघडून आतली वाफ सोडायची. डायक्लोरोमिथेन 40 अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे द्रावण कोमट राहिलं तर बूच उडायची भीती असते. हे सगळं फ्यूम हूडमध्येच करायचं, कारण त्याची वाफ घातक आहे.

इमल्शन झालंच, तर आधी खालचा स्वच्छ थर काढून घ्यावा. उरलेला गठ्ठा काचेच्या कांडीने अलगद ढवळावा. तेवढ्याने भागलं नाही तर मीठ. मीठ विरघळलं की थेंबांवरच्या विद्युतभारांचं परस्परांना ढकलणं कमी होतं आणि थेंब एकत्र यायला लागतात. शिवाय सेंद्रिय पदार्थ पाण्यातून बाहेर पडायला मदत होते. पण इथे एक मेख आहे. पाण्याची घनता 1 आणि डायक्लोरोमिथेनची साधारण 1.33. मिठाने पूर्ण संपृक्त पाण्याची घनता 1.2 च्या आसपास जाते, म्हणजे ज्या फरकामुळे थर वेगळे होतात तोच कमी होतो. विद्रावक पाण्यापेक्षा हलका असेल तर मीठ दोन्ही बाजूंनी मदत करतं. इथे मात्र चार-पाच ग्रॅमनी सुरुवात करून परिणाम पाहणं शहाणपणाचं. तरीही हट्टी गठ्ठा उरला, तर तो सेलाइट या गाळण्यासाठीच्या भुकटीच्या थरातून गाळावा. बारीक गाळ इमल्शनला आधार देतो आणि तो गाळ वर अडकला की थर बहुधा सुटतात. सेंट्रिफ्यूज असेल तर प्रश्नच नाही.

कुठला थर कुठला याबद्दल शंका असेल तर वरून पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते ज्या थरात मिसळतील तो पाण्याचा. खात्री होईपर्यंत एकही थर फेकू नये.

मग विद्रावकच बदलला तर? इथिल ॲसिटेट कमी विषारी आहे, पाण्यावर तरंगतं, पण कॅफीन त्यात डायक्लोरोमिथेनइतकं विरघळत नाही. अल्कलीत ते हळूहळू विघटित होतं आणि पाण्यातही बरंच मिसळतं. डायएथिल ईथरमध्ये कॅफीन फारच कमी विरघळतं. कॅफीनपुरता तरी डायक्लोरोमिथेनला तोडीचा पर्याय सापडणं कठीण आहे. मला त्याचा विषारीपणा खटकतो, पण विद्राव्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकतं. थोडं थोडं, तीन वेळा वापरणं मात्र नक्की फायद्याचं. समजा कॅफीनची विद्रावकातली तीव्रता पाण्यातल्याच्या पाचपट राहते. तर 100 मिली पाण्यातून एकदाच 60 मिलीने काढल्यास चौथा हिस्सा मागे उरेल आणि 20 मिली तीनदा वापरल्यास फक्त आठवा हिस्सा.

डायक्लोरोमिथेनमध्ये पाणी अगदी थोडंच विरघळतं, पण फनेलमधून सोबत आलेले थेंब काढावेच लागतात. त्यासाठी निर्जल सोडियम सल्फेट पुरेसं आहे. ते सावकाश काम करतं, पण पाणी बरंच धरून ठेवतं आणि दाणेदार असल्याने नुसतं द्रावण ओतून वेगळं करता येतं. मॅग्नेशियम सल्फेट झटपट पाणी ओढतं, पण त्याची बारीक भुकटी नीट गाळावी लागते आणि उत्पादनही थोडं धरून ठेवते. कॅल्शियम क्लोराइड मात्र अल्कोहोल आणि अमाईन यांच्याशी जोड बनवतं, तेव्हा कॅफीनसारख्या नायट्रोजनयुक्त पदार्थासाठी ते टाळलेलंच बरं.

किती घालायचं याचं मोजमाप डोळ्यांनीच होतं. थोडं टाकून फ्लास्क फिरवा. दाणे तळाशी चिकटून गोळा झाले तर पाणी अजून आहे, आणखी घाला. काही दाणे सुटे फिरू लागले आणि द्रावण गढूळ न दिसता निखळ दिसू लागलं की दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग ओतून घ्या, दाणे थोड्या ताज्या डायक्लोरोमिथेनने धुवा आणि तेही त्याच द्रावणात मिळवा. गढूळपणा उरला असताना विद्रावक उडवला तर कॅफीनचे पांढरे स्फटिक न मिळता भांड्याला ओलसर, चिकट थर लागलेला दिसेल.