अर्जित मूल्य विश्लेषण

प्रकल्प अर्ध्यात असताना तो शेवटी केवढ्याला पडेल, याचा अंदाज बांधण्याची ही पद्धत आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये मोठ्या कंत्राटांच्या खर्चनियंत्रणासाठी निकष घालून दिले आणि तिथून ती रुळली. नुसता खर्च मंजूर रकमेशी ताडून पाहिला तर काम किती झाले हे कळत नाही. म्हणून इथे तीन आकडे लागतात: आजवर ठरलेल्या कामाची अंदाजपत्रकी किंमत (नियोजित मूल्य), झालेल्या कामाची अंदाजपत्रकी किंमत (अर्जित मूल्य) आणि त्या कामावर झालेला प्रत्यक्ष खर्च.

समजा, २० किलोमीटरची जलवाहिनी १० महिन्यांत, दरमहा २ किलोमीटर याप्रमाणे ४ कोटी रुपयांत टाकायची आहे. चौथ्या महिन्याअखेर ८ किलोमीटर व्हायला हवे होते, म्हणजे नियोजित मूल्य १.६० कोटी. झाले ६ किलोमीटर, म्हणून अर्जित मूल्य १.२० कोटी. खर्च मात्र १.५० कोटी. बैठकीत ‘१० लाख वाचले’ असे कोणी सांगितले तर ते आकड्याला धरून असते, पण मुळात १.२० कोटींच्या कामाला ३० लाख जास्त मोजलेले असतात.

अर्जित मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागले की खर्च निर्देशांक ०.८० येतो, रुपयामागे ८० पैशांचे काम. पुढेही असेच चालले तर अंतिम खर्च ४ भागिले ०.८०, म्हणजे ५ कोटी. आतापर्यंतची वाढ एकदाच घडणारी होती, उदाहरणार्थ अवकाळी पावसाने चर ढासळले, असे मानले तर उरलेले २.८० कोटींचे काम मूळ दरानेच धरतात आणि अंदाज ४.३० कोटींवर येतो. कंत्राटदाराला साहजिकच हा दुसरा हिशोब आवडतो. पण तो मांडणाऱ्याने वाढीचे कारण संपल्याचे दाखवायला हवे. मूळ ४ कोटींतच भागवायचे म्हटले, तर हातातल्या २.५० कोटींत २.८० कोटींचे काम उरकावे लागेल. त्यासाठी निर्देशांक १.१२ हवा.

गफलत बहुधा अर्जित मूल्यातच होते. पाइप चरात उतरले की किलोमीटर ‘झाला’ धरतात, दाबचाचणी आणि खोदलेला रस्ता पूर्ववत करणे राहूनच जाते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्याचा वाटा सुरुवातीलाच ठरवून चाचणी यशस्वी झाल्यावरच तेवढे मूल्य जमा करणे. उलट बाजूला, उपकंत्राटदाराचे बिल अजून आले नाही म्हणून खर्चात धरले नाही, तर निर्देशांक फुगतो. बरेच महिने ९० टक्क्यांवर अडलेली प्रगती दिसली की मोजमाप पुस्तिका घेऊन जागेवर जावे.

शिवाय ५ कोटींचा अंदाज उरलेले काम झालेल्यासारखेच आहे असे गृहीत धरतो. पहिले ६ किलोमीटर मऊ मातीतून गेले असतील आणि पुढे कातळ व रेल्वेमार्गाखालचे ओलांडण असेल, तर तो आकडाही कमीच पडेल. तिथे उरलेल्या कामाचे नव्याने अंदाजपत्रक करावे लागते.