दस्ती टाकणे

दस्ती टाकणे : गर्दीच्या एसटीत किंवा पॅसेंजर गाडीत स्वतः चढण्याआधी खिडकीतून रुमाल, टॉवेल, टोपी किंवा पिशवी आत टाकून जागा धरण्याची मराठवाड्यातील रीत. तिच्याभोवतीची बोली आणि अलिखित नियमही याच नोंदीत घेतले आहेत. मराठवाड्यात उपनगरी रेल्वे नाही. रोजच्या ‘अप-डाऊन’वाल्यांची गर्दी असते ती मनमाड–नांदेड मार्गावरच्या गाड्यांत, विशेषतः जालना ते छत्रपती संभाजीनगर या टप्प्यात, आणि तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या एसटीत.

शब्द : दस्ती म्हणजे हातरुमाल. पश्चिम महाराष्ट्रात ‘रुमाल टाकणे’ म्हणतात, तर लातूर, नांदेड, परभणीकडे दस्तीच. मूळ फारसी ‘दस्त’ म्हणजे हात, आणि ‘दस्ती’ म्हणजे हाताचा, हातात धरायचा. गंमत अशी की ‘रुमाल’ हाही फारसीच, पण त्यात चेहरा पुसणे हा अर्थ आहे. म्हणजे एकाच कापडाला एका बोलीने हातावरून नाव दिले, दुसरीने तोंडावरून. दस्ती हे ‘दस्ती रुमाल’ या जोडशब्दाचे तुटलेले रूप मानावे की स्वतंत्र नाम, हा प्रश्न उरतो. विशेषणाचे नाम होणे दखनीत अनोळखी नाही, त्यामुळे पहिला पर्याय अधिक पटतो. हाच शब्द तेलंगणातल्या तेलुगूतही रोजच्या वापरात आहे. तेव्हा तो हैदराबाद संस्थानाच्या सामायिक बोलीतून आला, हे जवळजवळ निश्चित समजावे. नोंदणीच्या कागदाला मराठीत ‘दस्त’ म्हणतात आणि दस्ती टाकणे हाही एक प्रकारचा हक्क नोंदवणेच, म्हणून दोन्हींची थेट जोड लावण्याचा मोह होतो. मूळ धातू एकच असला, तरी कागदाच्या अर्थातून रुमालाचा अर्थ निघाल्याचे दिसत नाही.

आरंभ : निजामाच्या राज्यात मनमाड–हैदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाला आणि 1932 मध्ये संस्थानी रेल्वेच्या अखत्यारीत सरकारी मोटारगाड्या धावू लागल्या. रीत यांपैकी कशातून आली, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. रेल्वे वयाने मोठी, म्हणून मान तिला द्यावा असे वाटते. पण रेल्वेच्या डब्याला दोन्ही बाजूंनी दारे असतात आणि मोठ्या स्थानकावर गाडी थोडी थांबतेही. एसटीला प्रवाशांसाठी दार एकच, तेही एका वेळी एकच माणूस नीट चढेल एवढे. पन्नासेक माणसे त्या एका दाराशी भिडली की खिडकी हे कापडापुरते दुसरे दार होते. त्यामुळे रीत पक्की झाली ती बसमध्ये, बहुधा 1960 नंतर गावोगाव एसटी पोहोचली त्या काळात, असे मानणे सयुक्तिक वाटते.

कृती आणि वाद : लातूरच्या स्थानकावर संध्याकाळी उदगीरची गाडी लागते आहे असे धरू. चालक गाडी मागे घेत फलाटाला लावतो. ती पुरती थांबायच्या आतच माणसे खिडक्यांबरोबर चालू लागतात. जाणकार माणूस दाराजवळची खिडकी सोडतो, कारण तिथे चढणारा आधी पोहोचतो. तो मधली खिडकी निवडतो, काच सरकवून दस्ती आत टाकतो आणि ती बाकावर पडली की नाही हे टाचा उंचावून पाहतो. बाकाखाली पडलेली दस्ती धरत नाहीत. तो दारातून रेटारेटी करत आत येतो तोवर तिथे कोणी बसलेला असतो, आणि बोलणे सुरू होते :

‘ओ मामा, दस्ती हाय ना तिथं.’

‘दस्तीचं तिकीट फाडलंय का?’

‘तुमच्या आधी टाकलीय की. बुडाखाली बघा.’

‘मग सातबारा पन काढून ठेवायचा सीटचा.’

‘काढला असता, तलाठी सापडंना.’

भोवतीचे हसतात, आणि इथेच वादाचे वळण ठरते. बसलेल्याने दस्ती उचलून मालकाच्या हातात दिली तर त्याने हक्क मान्य केला. आता तो उठेल किंवा सरकेल. दस्ती न पाहता ती दुसरीकडे भिरकावली तर तो अपमान, आणि शेजारचेही मध्ये पडतात. बहुतेक वेळा प्रकरण मिटते ते तिसऱ्याच्या प्रश्नाने : ‘कोन गावचे तुमी?’ एक म्हणतो नळेगाव, दुसरा उदगीर. नळेगाव वाटेत आधी येते. मग ‘टेका जरा, नळेगावला मी उतरूलालोच की’ असे म्हणत दोघांच्या जागेत तिसरा मावतो. ‘टेकणे’ हा इथला मोलाचा शब्द आहे. बसणे हा हक्क असतो, टेकणे ही सवलत. टेकलेला माणूस पाठ मागे टेकवत नाही; तसे केले तर ‘आता पाय पन पसरा’ हे ऐकावे लागते.

नियम : एका दस्तीला एक जागा. अख्ख्या बाकावर टॉवेल पसरणाऱ्याला ‘वाळवण घातलंय का?’ असे विचारले जाते. दस्तीची मुदत गाडी सुटेपर्यंत. वाहकाने दोन घंट्या दिल्या आणि मालक आला नाही, तर जागा मोकळी. लेकुरवाळी बाई, म्हातारा माणूस, आजारी माणूस यांच्यापुढे दस्ती चालत नाही, आणि हे सांगावे लागणे ही मालकाची नामुष्की धरतात. बोलण्याचीही हद्द आहे. ‘गाडी बापाची हाय का?’ इतपत खपते, कारण त्यात रोख गाडीच्या मालकीवर असतो, समोरच्याच्या बापावर नव्हे. त्यापुढे आईबाप किंवा जात काढली की हसणारेच गप्प होतात, आणि वाहक ‘गाडी ठाण्यात घेऊ का?’ म्हणतो. अनोळखी माणसाशी भांडतानाही मामा, आण्णा, मावशी सुटत नाही. ते सुटून ‘अय’ आले, की गोष्ट थट्टेची राहिली नाही हे ओळखावे.

कायद्यात दस्तीला आधार नाही. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 155 नुसार अनारक्षित डब्यात शिरणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाला अडवणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून रेल्वेत जाणते अप-डाऊनवाले जागा अडवतात, डबा कधी अडवत नाहीत.

स्त्रिया : बायका दस्तीऐवजी पिशवी टाकतात किंवा लेकराला खिडकीतून आत देतात. आत गेलेले लेकरू ही सर्वांत पक्की दस्ती, ते कोणी उचलून बाजूला ठेवत नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे झाले आणि बोलीत ‘अर्धं तिकीट’ची भर पडली. ‘अर्ध्या तिकिटात पुरी सीट?’ असे कोणी म्हटले की ‘अर्धं तुमच्या खिशातून गेलं का?’ हे उत्तर तयार असते.

शहर बस : इथे ही रीत जवळपास नाही. थांबे जवळ, उभ्याने जाणे नेहमीचे, आणि दस्ती टाकून चढेपर्यंत उतरायचे ठिकाण येते. वातानुकूलित गाड्यांत काच उघडतच नाही. तिथे सोबतच्या चपळ पोराला पुढे चढवतात आणि खालून ओरडतात : ‘दोन धर रे, खिडकीकडच्या!’